विश्लेषण : लग्नाच्या पाकिटात किती घालायचे? उत्तर जुन्या वहीत!

लग्नसराईत रविवारी सकाळी अनेक घरांत एकच संवाद होतो. गाडी खाली उभी असते, साडीच्या निऱ्या नीट होत असतात आणि कोणीतरी विचारते, ‘पाकिटात किती घालू?’ त्यावर ‘त्यांनी आपल्याला किती घातले होते?’ असा उलट प्रश्न येतो. ते कोणालाच आठवत नाही. मग ‘घाल पाचशे एक… नको, बरे दिसत नाही, हजार एक घाल’ असे म्हणत दारातच आकडा ठरतो. पाच मिनिटांत ठरलेला हा आकडा ज्या घरी जातो, तिथे मात्र तो वहीत लिहिला जातो आणि पंधरा-वीस वर्षांनीही काढून वाचला जातो. त्यामुळे तो ठरवताना नेमके काय पाहायचे, हे समजून घेतलेले बरे.

आहेराची वही कशासाठी?

गावाकडच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी एक टेबल असते. त्यावर अक्षर बरे असलेला आणि विश्वासातला माणूस वही घेऊन बसतो. आहेर देणाऱ्याचे नाव, गाव, रक्कम आणि कपडे किंवा भांडे असेल तर तेही तो टिपतो. काही गावांत नाव आणि रक्कम लाउडस्पीकरवरून पुकारली जाते. शहरात पाकिटे नवरा-नवरीच्या हातात किंवा त्यांच्या आईच्या पर्समध्ये जमा होतात आणि लग्नाच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी घरात गोल करून बसून फोडली जातात. एक फोडतो, एक नाव वाचतो, एक लिहितो. पद्धत वेगळी, पण वही दोन्हीकडे असते आणि ती घराच्या कागदपत्रांसोबत कपाटात जपून ठेवली जाते.

या वहीमागचा व्यवहार सरळ आहे. लग्नघराला एका आठवड्यात एकरकमी पैसा लागतो आणि तेवढा तो बहुतेक घरांत नसतो. शे-दोनशे घरे थोडा थोडा भार उचलतात. ज्याच्या घरी आज कार्य आहे तो पुढची वीस-पंचवीस वर्षे त्या घरांच्या कार्यांना जातो आणि घेतलेले एकेक करून फेडतो. व्याज नाही, मुदत नाही, कागद नाही, फक्त वही आहे. म्हणूनच पाकिटाचा पहिला प्रश्न ‘ते आपल्याला किती जवळचे?’ हा नाही. ‘त्यांच्याकडून आपल्याकडे काय आले आहे?’ हा आहे. जे आले त्याहून कमी जाऊ नये, हा अलिखित नियम जवळजवळ सगळ्या समाजांत आणि सगळ्या जिल्ह्यांत सारखाच आढळतो.

जुना आकडा आज किती धरायचा?

खरी अडचण इथे येते. समजा, पुण्यात राहणाऱ्या एका जोडप्याला कराडजवळच्या गावातून पत्रिका आली आहे. नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न आहे. जोडप्याचे स्वतःचे लग्न २००९ मध्ये झाले. तेव्हाच्या वहीत चुलत्यांच्या नावापुढे ‘५०१ रुपये, एक साडी’ अशी नोंद आहे. आज ५०१ रुपये घातले तर आकडा फिटतो, पण आहेर फिटत नाही, हे कोणीही सांगेल. मग किती?

महागाई मोजण्याचे एक सरकारी माप आहे. मालमत्ता विकल्यावर होणाऱ्या नफ्याचा कर काढण्यासाठी प्राप्तिकर विभाग दरवर्षी खर्चवाढीचा निर्देशांक जाहीर करतो. २००९-१० साठी तो १४८ होता, २०२५-२६ साठी ३७६ आहे. म्हणजे सुमारे अडीच पट. या हिशेबाने ५०१ रुपयांचे आज साधारण १,२७० होतात. सोन्याचे माप लावले तर उत्तर बदलते. २००९ मध्ये दहा ग्रॅम सोने पंधरा-सोळा हजारांच्या घरात होते, म्हणजे ५०१ रुपयांत जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम आले असते. तेवढ्याच सोन्याला आज तीन हजारांहून अधिक मोजावे लागतात.

यातले सोन्याचे माप पाकिटाला लावू नये. चुलत्यांनी २००९ मध्ये सोने दिले नव्हते, त्या वेळच्या घरखर्चातून बाजूला काढलेले पाचशे रुपये दिले होते. त्या घराचे उत्पन्नही सोन्याच्या वेगाने वाढलेले नाही. महागाईच्या मापाने आलेला आकडा हा तळ धरावा आणि त्याच्या वरच्या पायरीवर थांबावे, हे जास्त रास्त आहे. अंगठी किंवा वेढणी आली असेल तर गोष्ट वेगळी. सोने आले तिथे जमेल तसे सोनेच जाते.

‘पायरी’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. पाकिटात कोणताही आकडा चालत नाही. १०१, २५१, ५०१, १,००१, १,५०१, २,००१, २,५०१, ५,००१ अशा ठरलेल्या पायऱ्या आहेत. शेवटी शून्य नको, म्हणून एक रुपया वर. शून्यावर गोष्ट संपते आणि एकापासून पुन्हा सुरू होते, अशी त्यामागची समजूत सांगितली जाते. आधीच्या पिढ्यांत हेच काम सव्वा करत असे : सव्वा रुपया, सव्वापाच, सव्वाअकरा. तो एक रुपया विसरू नये म्हणून आता पाकिटालाच नाणे चिकटवलेले मिळते. पायऱ्यांचा आणखी एक आधार म्हणजे नोटा. हजाराची नोट २०१६ मध्ये गेली, दोन हजारांची २०२३ मध्ये चलनातून मागे घेतली गेली. आता सर्वात मोठी नोट पाचशेची असल्याने रोख आहेर पाचशेच्या पटीत सरकतो. वरच्या उदाहरणातले १,२७० रुपये त्यामुळे आपोआप १,५०१ वर जातात.

एक चूल, एक पाकीट

पण हा हिशेब करताना एक गोष्ट निसटते आणि बहुतेक रुसवे तिथूनच निघतात. आहेर माणूस देत नाही, घर देते. घर म्हणजे चूल. एका चुलीवर जेवणारे चार भाऊ असले तरी वडिलांच्या किंवा थोरल्याच्या नावाने एकच पाकीट जाते. वाटण्या होऊन चुली वेगळ्या झाल्या की मात्र पाकिटेही वेगळी होतात.

कराडच्या उदाहरणात २००९ चे ५०१ रुपये आणि साडी चुलत्यांच्या एकत्र घरातून आली होती. नंतर चुलते गेले, दोन चुलतभाऊ वेगळे झाले. आता लग्न थोरल्याच्या घरी आहे. पुण्याच्या जोडप्याने इथे आहेर केला म्हणजे जुनी नोंद फिटली, असे समजायचे का? गावाची रीत तसे मानत नाही. जे एकत्र घरातून आले, ते वेगळ्या झालेल्या प्रत्येक चुलीला देणे लागते, कारण २००९ चा तो आहेर धाकट्याच्याही कष्टातला होता. उद्या धाकट्याच्या मुलाचे लग्न निघाले की तिथेही तेवढेच जायला हवे. आज थोरल्याकडे १,५०१ आणि दोन वर्षांनी धाकट्याकडे ५०१ गेले, तर धाकट्याच्या घरात ते बरोबर टिपले जाईल आणि कधीतरी बोलून दाखवले जाईल.

उलट बाजूने होणारी चूक अशी : पुण्यात दोन सख्खे भाऊ वेगवेगळ्या फ्लॅटमध्ये राहतात, पण गावच्या लग्नाला एका गाडीने जातात आणि ‘आपण एकच आहोत की’ म्हणून दोघांत मिळून एक पाकीट देतात. त्यावर थोरल्याचे नाव असते. वहीत एकच नोंद होते. पुढे धाकट्याच्या घरी कार्य निघाले की वहीत त्याचे नावच सापडत नाही. मग गावाहून पाकीट आले नाही म्हणून धाकटी जाऊ नाराज होते, आणि गावाला ते का, हेच कळत नाही. एकत्रच द्यायचे असेल तर पाकिटावर दोघांची नावे आणि रक्कम दुप्पट, एवढे केले की हा घोळ टळतो.

जवळचे असतील तर जास्त?

नात्याची जवळीक पाकिटाची रक्कम वाढवते, असे वाटते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा आहेराचे रूप बदलते. अगदी जवळच्यांनी काय द्यायचे, हे आधीच ठरलेले असते. अनेक घरांत नवरीची पिवळी साडी, म्हणजे अष्टपुत्री, मामाकडून येते. आत्या, मावशी, सख्खे काका घरात विचारून एखादी वस्तू उचलतात : कपाट, मिक्सर, चांदीचे ताट, पैंजण. अशा माणसाने वस्तू न देता मोठे पाकीट पुढे केले, तर ते थोडे परके वाटते. पाकीट हे मुळात मधल्या वर्तुळाचे साधन आहे : भाऊकी, सोयरे, शेजारी, मित्र, धंद्यातले लोक.

या मधल्या वर्तुळात पूर्वीची नोंद नसेल तर? नवे शेजारी, नवा मित्र, ऑफिसातली पहिलीच पत्रिका? अशा वेळी आपल्यासारख्याच नात्यातले दुसरे कोणी किती देत आहे, हे विचारून घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. गावात बायका आदल्या दिवशी हे एकमेकींना विचारतात. इमारतीत सहा घरांनी १,००१ दिले आणि सातव्याने ५,००१, तर अडचण सहांची होते आणि यजमानाचीही. ऑफिसात वर्गणी काढतात, ते यासाठीच.

शहरात अलीकडे वेगळाच हिशेब ऐकू येतो. कार्यालयात एका ताटाचा दर किती, आपण किती जण जाणार, मग तेवढे तरी पाकिटात पडलेच पाहिजेत! हा हिशेब आहेराचा नाही, खानावळीचा आहे. कार्यालय कोणते घ्यायचे, चाट किती प्रकारची ठेवायची, हे यजमानाने ठरवलेले असते. त्याच्या हौसेचे बिल पाहुण्यांत वाटायचे ठरवले, तर चौघांचे कुटुंब असलेला माणूस दोघांनाच घेऊन येईल. मुले घरी ठेवून आलेला पाहुणा कोणत्याच यजमानाला नको असतो.

लांबून येणाऱ्यांनी आणि न येणाऱ्यांनी काय करावे?

अंतराचा नियम जुन्या लोकांनी चांगला बसवला होता. लांबून येणाऱ्याचे येणे मोजले जाते. पुण्याहून कराड हे सुमारे १६० किलोमीटर. जाण्यायेण्याचा खर्च, एक रजा, मुलाची शाळा. एवढे करून जे कुटुंब हळदीपासून थांबते, त्याच्या पाकिटात एक पायरी कमी असली तरी कोणी बोलत नाही. गावातल्या गावात चालत येणाऱ्याला ती सवलत नाही.

न जाणाऱ्यांची मात्र उलटी चूक होते. ‘जाता येत नाही, मग निदान रक्कम तरी वाढवू’ असे म्हणून यूपीआयवरून भरघोस पैसे टाकले जातात. त्याने गैरहजेरी भरून निघत नाही, उलट ती पैशाने मोजली गेल्यासारखी दिसते. न जाता येणाऱ्याने नेहमीचीच रक्कम, पण लग्नाच्या आधी, शक्यतो जाणाऱ्या कोणाबरोबर पाकिटातून पाठवावी आणि पुढच्या फेरीत नव्या जोडप्याला घरी जाऊन भेटावे. यूपीआयने पाठवायचेच असेल तर संदेशात घराचे नाव आणि ‘आहेर’ हा शब्द लिहावा. नाहीतर लग्नाच्या गडबडीत मोबाइलवर आलेले १,५०१ रुपये कोणाचे आणि कशाचे, हे वहीपर्यंत पोहोचत नाही.

मोठी रक्कम घातली तर बिघडते काय?

सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग हाच आहे. पुण्याच्या जोडप्याची दोघांची मिळून चांगली कमाई आहे. १,५०१ रुपये त्यांना फार कमी वाटतात. ‘भावाची पहिली मुलगी आहे, पाच हजार एक घालू’ असे नवरा म्हणतो. त्याच्या मनात प्रेमच आहे. पण थोरल्या चुलतभावाचे घर उसावर चालते. कारखान्याचे बिल हप्त्याहप्त्याने येते, धाकटा मुलगा कॉलेजात आहे आणि लग्नाचे कर्ज डोक्यावर आहे. पुण्याच्या जोडप्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत पुढच्या वर्षी आहे. तेव्हा वहिनी वही काढणार आणि त्यात ५,००१ वाचणार.

आता तिच्यापुढे तीनच वाटा आहेत. उसने काढून ५,००१ न्यायचे, कमी नेऊन मान खाली घालायची किंवा ‘म्हैस व्यायला झाली आहे’ असे काहीतरी सांगून जायचेच नाही. बहुतेक घरे तिसरी वाट धरतात. पुण्यात मग ‘गावाकडच्यांना आता आपली किंमत राहिली नाही’ अशी चर्चा होते. फेडता येणार नाही असा आहेर नाते असे तोडतो, आणि तेही कोणी वाईट न वागता. परदेशातून १०१ डॉलर पाठवणाऱ्या नातेवाइकांच्या बाबतीतही हेच होते. तिकडे ती रक्कम मध्यम असते, इकडे वहीत ती भाऊकीतल्या सगळ्यांच्या वर जाऊन बसते.

म्हणून रक्कम ठरवताना स्वतःची ऐपत शेवटी पाहावी. आधी समोरच्याची, आणि तीही परत करण्याची, ऐपत पाहावी. ज्याला मनापासून जास्त द्यायचे आहे, त्याला वाट मोकळी आहे. ती पाकिटातून जात नाही, एवढेच. लग्नाच्या महिनाभर आधी जाऊन ‘मांडवाचे मी बघतो’ किंवा ‘नवरीचा शालू माझ्याकडून’ असे चुलतभावाला एकट्याला सांगावे. ती मदत वहीत चढत नाही, पुकारली जात नाही आणि तिची परतफेड कोणी मागत नाही. पाकीट मात्र भाऊकीच्या पायरीवरचेच ठेवावे.

‘उपस्थिती हाच आहेर’ लिहिले असेल तर?

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ किंवा ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर’ असे छापलेले असते. काही घरे ते केवळ रीत म्हणून छापतात, पण बरीच घरे आता खरेच पाळतात. ओळखायचे सोपे आहे : त्याच घरातल्या आधीच्या लग्नात पाकिटे घेतली होती का, हे एखाद्या जवळच्या नातेवाइकाला विचारावे. खरेच घेत नसतील तर स्टेजवर जबरदस्तीने हातात कोंबू नये. ज्याने पाकिटे घेणे थांबवले, त्याने आपल्या बाजूने नवे देणे घेणे थांबवले आहे. पुढच्या वेळी त्याच्याकडून काही आले नाही तर ते मनावर घेऊ नये. त्याच्याकडून पूर्वी आलेले मात्र आपल्या वहीत तसेच असते. ते नंतर कधी तरी, नव्या जोडप्याला जेवायला बोलावून, साडी किंवा भांड्याच्या रूपात फेडता येते.

पाकिटावर नाव कोणाचे?

हा भाग छोटा आहे, पण वाया जाणारे आहेर बहुतेक इथेच वाया जातात. ‘शुभेच्छुक : पाटील परिवार’ एवढेच लिहिलेले पाकीट वही लिहिणाऱ्याच्या काही कामाचे नाही, गावात चाळीस पाटील असतात. स्वतःचे आणि वडिलांचे नाव, आडनाव, मूळ गाव आणि आता राहण्याचे ठिकाण आतल्या बाजूलाही लिहावे, कारण बाहेरचे पाकीट फोडताना फाटते. रक्कमही आत लिहिली तर मोजताना वाद होत नाही.

रक्कम मोठी असेल तर पाकीट वधू किंवा वराच्या नावाने द्यावे. स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर लागत नाही, मग त्या मित्रांकडून आलेल्या असोत वा नातेवाइकांकडून. ही सूट ज्याचे लग्न आहे त्याला आहे, त्याच्या आईवडिलांना नाही. वडिलांच्या नावे नातेवाइकांबाहेरच्या लोकांकडून वर्षभरात ५० हजारांहून जास्त आले, तर ते उत्पन्नात धरले जाते. एका कार्यात एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणेही चालत नाही. साध्या पाकिटांना यातले काही लागू होत नाही.

पुण्याच्या जोडप्याचे पाकीट मग असे होईल : १,५०१ रुपये, सोबत नवरीला एक साडी, कारण २००९ मध्ये साडी आली होती. शालूचे पैसे चुलतभावाला महिनाभर आधीच, कोणाला न सांगता दिलेले. आणि घरी परतल्यावर स्वतःच्या वहीत दोन ओळी : थोरल्याकडे काय गेले ती एक, आणि धाकट्याच्या नावापुढे ‘देणे आहे’ ही दुसरी.